कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडियासाठी नियम: छोट्या कंपनीने काय लिहावं?

गोदातीर

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमची मसाले आणि लोणच्यांची कंपनी आहे. बाबांनी उभी केली, ऑफिस आणि हिशेब मी बघते. सगळी मिळून ३४ माणसं, त्यात ९ सेल्समन. नाशिक, नगर, धुळे, जळगाव या पट्ट्यातले वितरक आणि किराणा दुकानदार यांच्यावरच आमचा सगळा धंदा.

गेल्या महिन्यात आमच्या एका सेल्समनने एका समाजाबद्दल अतिशय गलिच्छ मजकूर व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवला. त्याने स्वतः लिहिलेला नव्हता, कुठून तरी आलेला पुढे ढकलला. पण डीपीत तो आमच्या लोगोच्या टी-शर्टमध्ये उभा आहे आणि नावापुढे कंपनीचं नाव आहे. त्याच्या लाइनवरच्या एका वितरकाने स्क्रीनशॉट काढून तालुक्यातल्या किराणा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत चार दुकानदारांचे ‘माल परत न्या’ म्हणून फोन आले. त्यातले दोघं आमचे अगदी सुरुवातीपासूनचे.

हा माणूस ११ वर्षं आमच्याकडे आहे. वसुली चोख, एकही दुकानदार त्याच्या कामाबद्दल वाईट बोलत नाही. बाबा म्हणतात, आजच्या आज काढून टाकू. मी त्यांना थांबवून ठेवलंय आणि आधी सगळ्यांसाठी एक लेखी धोरण करायला घेतलंय. माझा मसुदा असा:

> कर्मचाऱ्यांनी कोणत्याही सोशल मीडियावर राजकीय, धार्मिक, जातीय किंवा वादग्रस्त मत मांडू नये. कंपनीची प्रतिमा मलिन होईल असे काहीही पोस्ट, लाइक वा फॉरवर्ड केल्यास तात्काळ सेवा समाप्त करण्यात येईल. कंपनी कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर लक्ष ठेवेल.

एवढं पुरेल का? कोणी असं काही केलं असेल तर कृपया अनुभव सांगा.

विनायक_कुलाबा

ताई, हे कागदावर टिकणार नाही. घटनेच्या कलम १९ ने प्रत्येकाला मत मांडायचा हक्क दिलाय, तो कंपनी काढून घेऊ शकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं ते याच कारणाने. आपल्याकडेच पालघरला २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टपायी दोन मुलींना अटक झाली होती, तिथून ते प्रकरण पेटलं. तुमचा सेल्समन कोर्टात गेला तर पहिल्याच तारखेला तुमचं धोरण उडेल.

चाकणवाला

विनायक, पालघर आणि ६६अ बद्दल तुम्ही बरोबर सांगताय, पण ते या प्रश्नाला लागू होत नाही. ६६अ हा फौजदारी कायदा होता, पोलीस उचलून नेत होते. आणि कलम १९ हे मुख्यतः सरकारला बांधतं. खासगी कंपनी आणि तिचा माणूस यांच्यातलं नातं नेमणूकपत्राचं आणि कामगार कायद्याचं असतं. तेव्हा कंपनीला असा नियम करता येतो.

मात्र गोदातीर, याचा अर्थ हात मोकळे आहेत असा नाही. मी पुण्या-चाकणकडच्या छोट्या कारखान्यांची मनुष्यबळाची कामं बघतो आणि माझ्या पाहण्यात अशी प्रकरणं ‘मत मांडायचा हक्क’ या मुद्द्यावर हरत नाहीत. ती घाईवर आणि शिक्षेच्या मापावर हरतात. चौकशी न करता, माणसाला बोलू न देता, गडबडीने काढणं, किंवा किरकोळ गैरवर्तनाला मागची सेवा न बघता मोठी शिक्षा करणं, याला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा म्हटलं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतल्या यादीतही ते आहे. ११ वर्षांचा स्वच्छ माणूस ‘आजच्या आज’ काढलात, तर वाईट स्टेटस त्याचं असूनही अडचणीत तुम्ही याल.

आता मसुदा. मोठ्या कारखान्यांत शिस्तीचे नियम ठरवणारे प्रमाणित स्थायी आदेश तुमच्या आकाराच्या कंपनीला लागू होत नाहीत, त्यामुळे गैरवर्तन कशाला म्हणायचं हे तुमच्याच कागदात नीट लिहिलेलं हवं. ‘वादग्रस्त’ आणि ‘प्रतिमा मलिन’ हे शब्द बघा. उद्या कोणी कांद्याच्या भावावर लिहिलं तर ते वादग्रस्त का? नाशिकमध्ये ते नक्कीच राजकीय आहे! ज्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी साहेबांचा मूड कसा आहे यावर ठरतो, त्या शब्दाने शिक्षा करता येत नाही. ‘लाइक’ तर काढूनच टाका. अंगठा चुकून लागतो, आणि लाइक शोधत बसणारी कंपनी चार दिवसांत सगळ्यांचा विश्वास गमावते.

पण मला त्याआधी एक विचारायचंय. स्टेटस त्या वितरकाला दिसलं कसं?

गोदातीर

म्हणजे? त्याचा नंबर वितरकाकडे आहेच ना. ऑर्डर सगळ्या त्याच नंबरवर येतात.

चाकणवाला

तो नंबर कोणाचा आहे? कंपनीचा की त्याचा स्वतःचा?

गोदातीर

त्याचा स्वतःचा. नऊही सेल्समन स्वतःचाच नंबर वापरतात, आम्ही दर महिन्याला रिचार्जचे पैसे देतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये दीडशे-दोनशे दुकानदार सहज असतील.

चाकणवाला

मग तुमचा खरा रोग इथे आहे. तुम्ही धोरण मतांवर लिहिताय, आणि नुकसान झालं ते मत आणि कंपनी एकाच नंबरवर बसल्यामुळे. स्टेटस फक्त त्यांनाच दिसतं ज्यांचा नंबर आपल्याकडे आणि आपला त्यांच्याकडे सेव्ह असतो. सेल्समनच्या बाबतीत ती यादी म्हणजे त्याचे मामा, काका, शाळेतले मित्र आणि तुमचे दोनशे दुकानदार. तो घरच्या माणसांशी बोलतोय असं समजून ठेवतो आणि ते तुमच्या बाजारात लागतं. त्याच्या मनात कंपनीचा विचारही नसतो.

फेसबुक, इन्स्टाग्रामचे नियम आपण इंग्रजी नमुने बघून लिहितो. आपल्याकडच्या छोट्या कंपनीचं बहुतेक नुकसान व्हॉट्सअॅपवर होतं, आणि त्याबद्दल त्या नमुन्यांत ओळभरही नसते.

उपाय खर्चाचा नाही. नऊ सिमकार्ड कंपनीच्या नावावर घ्या. बहुतेकांचे फोन दोन सिमचे असतात. स्वतःच्या नंबरवर साधं व्हॉट्सअॅप, कंपनीच्या सिमवर व्हॉट्सअॅप बिझनेस, दोन्ही एकाच फोनवर शेजारीशेजारी चालतात. दुकानदार सगळे कंपनीच्या नंबरवर. त्या नंबरच्या डीपीवर लोगो ठेवा, स्टेटसला फक्त माल, भाव, सुट्टी. स्वतःच्या नंबरवरून लोगो, टी-शर्टवाला फोटो आणि कंपनीचं नाव काढायला सांगा. त्यानंतर तिथे तो काय ठेवतो हा तुमचा विषय फार थोड्या वेळा होईल.

जुना नंबर बदलताना मात्र ऑर्डर अडतात. दुकानदार सवयीने जुन्याच नंबरवर पाठवतो. ब्रॉडकास्टवर विसंबू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही. सेल्समनने लाइनवर जाऊन दुकानदाराच्या फोनमध्ये नवा नंबर स्वतः टाकून द्यायचा आणि बिलावर तोच छापायचा. दिवाळीच्या तोंडावर हे करू नका.

तोपर्यंत, आजच, प्रत्येकाच्या फोनवर स्टेटसच्या प्रायव्हसीत `My contacts except...` निवडून दुकानदार वगळायला सांगा. दोनशे नावं टिकमार्क करणं कंटाळवाणं आहे, आणि नवा दुकानदार सेव्ह केला की तो आपोआप वगळला जात नाही. म्हणून हा कायमचा इलाज नाही.

प्राजक्ता_म

सिमच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. मी पुण्यात एका औषध वितरकाकडे कामाला होते. तिथे कंपनीचा नंबर होता, तो सात वाजता बंद करता यायचा. हे कर्मचाऱ्याच्याही फायद्याचं आहे, तसंच समजावून सांगा. शिक्षा म्हणून सिम हातात दिलंत तर कोणी वापरणार नाही.

पण मसुद्यातल्या शेवटच्या ओळीने मला खरंच राग आला. ‘कंपनी खात्यांवर लक्ष ठेवेल’ म्हणजे नक्की कोण ठेवणार? माझ्या आधीच्या एका नोकरीत मॅनेजरने सगळ्या मुलींचे इन्स्टाचे हँडल मागून घेतले होते, ‘धोरण आहे’ म्हणून. दोन महिन्यांत तो कोणाच्या कुठल्या फोटोबद्दल काय बोलत होता ते इथे लिहिण्यासारखं नाही. तक्रार करायला गेलो तर तेच धोरण पुढे केलं, कंपनीची बदनामी करू नका म्हणून. तुमच्याकडे मसाला निवडायला, पॅकिंगला बायका असतीलच. ही ओळ उद्या त्यांच्यावर वापरली जाऊ शकते.

गोदातीर

प्राजक्ता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पॅकिंगला १४ बायका आहेत. ती ओळ आत्ताच काढली.

चाकणवाला

प्राजक्ताताईंचं अगदी खरं आहे. नुसती ओळ काढून थांबू नका, उलट लिहा: कंपनी कोणाचाही पासवर्ड मागणार नाही, खासगी खातं दाखवायला सांगणार नाही, वरिष्ठांनी फ्रेंड रिक्वेस्ट पाठवून ती स्वीकारायचा आग्रह धरायचा नाही. कंपनी फक्त त्याच गोष्टीची दखल घेईल जी कोणीतरी पुढे आणून दाखवली किंवा जी सगळ्यांना उघड दिसते.

आणि काय अडवलेलं नाही तेही लिहा. पगार थकला, ओव्हरटाइम मिळाला नाही, मिरची दळण्याच्या खोलीत मास्क दिले नाहीत, कोणी त्रास दिला, यांची तक्रार कामगार खात्याकडे, पोलिसांकडे, लैंगिक छळाच्या अंतर्गत समितीकडे करणं किंवा संघटनेत बोलणं या धोरणात मोडत नाही. मत देणं, कामाच्या वेळेबाहेर सभेला जाणं, पक्षाचं सदस्य असणं हेही नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ती अंतर्गत समिती कायद्यानेच लागते, तुमच्याकडे आहे ना?

गोदातीर

आहे, पण कागदावरच जास्त. त्यावर वेगळं लिहीन.

बापूसाहेब_शिक्षक

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. आमच्यासाठी राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये शासन निर्णयच काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, सरकारी बोधचिन्ह, गणवेश, गाडी, इमारत वैयक्तिक फोटो आणि रीलमध्ये वापरू नका, सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, गोपनीय कागद टाकू नका. ताई, तोच उतरवून घ्या, सरकारच्या जागी कंपनी लिहा. आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींना शाळेच्या गळक्या छताचा फोटो टाकला म्हणून नोटीस आली होती, त्याचं उत्तर कसं द्यायचं हेही कोणी सांगितलं तर बरं होईल. छत अजून गळतंच आहे.

चाकणवाला

बापूसाहेब, गुरुजींच्या नोटिशीसाठी वेगळा धागा काढा, तिथे सेवानियमांची माहिती असलेले लोक येतील. सरकारी माणसाला वर्तणूक नियम असतात आणि दुसरीकडे घटनेचं संरक्षणही असतं, कारण त्याचा मालक सरकार आहे. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याच्या फेसबुक पोस्टच्या प्रकरणात म्हटलंय की सरकारी नोकरीत आलं म्हणून बोलण्याचा हक्क संपत नाही.

गोदातीर, तो शासन निर्णय जसाच्या तसा उतरवू नका. त्यातला खाती वेगळी ठेवण्याचा आणि बोधचिन्हाचा भाग मात्र तुमच्या कामाचा आहे. टीकेचा भाग घेतलात तर गळक्या छताचा फोटो टाकणारा तुमच्याकडेही गुन्हेगार ठरेल, आणि तो बहुधा तुमचा सगळ्यात कळकळीचा माणूस असेल.

विनायक_कुलाबा

खासगी कंपनीबद्दल चाकणवाल्यांचं म्हणणं मान्य. पण मद्रास उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. तमिळनाडूतल्या एका ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्याने व्हॉट्सअॅप ग्रुपवर वरिष्ठांवर टीका केली, बँकेने आरोपपत्र दिलं, न्यायालयाने ते रद्द केलं. मन मोकळं करायचा हक्क माणसाला असतो, असं म्हटलं. म्हणजे व्हॉट्सअॅपवरचं काहीच कंपनीला धरता येणार नाही ना?

चाकणवाला

काहीच नाही, असं नाही. ती ग्रामीण बँक होती, तो माणूस संघटनेत काम करणारा होता, ग्रुप सहकाऱ्यांचा खासगी होता आणि टीका कामकाजावर होती. चार माणसं घरात बसून साहेबाबद्दल जे बोलतात तेच आता ग्रुपवर बोलतात, असा त्याचा आशय. त्याच निकालातून हेही निघतं की नोकरी देणाऱ्याच्या कायदेशीर हितालाच धक्का बसला तर गोष्ट वेगळी.

मी तो निकाल छोट्या कंपन्यांना दोन प्रश्नांसाठी दाखवतो. बोललेलं कोणासाठी होतं, आणि त्याने प्रत्यक्ष काय बिघडलं? सेल्समनांच्या आपसातल्या ग्रुपवर ‘मालक कंजूस आहे’ हे आलं तर पहिल्या प्रश्नावरच विषय संपतो, कोणी स्क्रीनशॉट आणून दिला तरी. तुमच्या प्रकरणात लोगोवाल्या डीपीखाली, गिऱ्हाइकांच्या यादीला, एका समाजाचा अपमान दिसला आणि चार दुकानदार माल परत न्या म्हणाले. दोन्ही प्रश्नांची उत्तरं कागदावर दाखवता येतात.

आणि तो मजकूर दोन समाजांत वैर पसरवणारा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहेच. ‘मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं’ या सबबीवर तिथे विसंबून राहता येत नाही. हे सेल्समनला माहीत नसतं, त्याला भीती न घालता सांगा.

नगरी_किराणा

मी दुसऱ्या बाजूचा. नगर जिल्ह्यात घाऊक किराणा आहे. असे स्टेटस मला रोज दिसतात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पोरांचे, सगळ्या बाजूंचे. दुकानदार चिडतो तो का, ते सांगतो. माझ्या काउंटरवर सगळ्या समाजाची गिऱ्हाइकं येतात. तो पोरगा माझ्या दुकानात उभा राहून ऑर्डर घेतो. लोक म्हणतात, याचा माल ठेवतोस म्हणजे तुलाही तेच वाटतं. माझी उधारी त्याच गिऱ्हाइकांकडे अडकलेली असते, मी कुणाकुणाला समजावू?

माल परत न्या म्हणणाऱ्याला त्या पोराची नोकरी घालवायची नसते. मालकाने त्याच दिवशी स्वतः फोन करावा, एवढंच हवं असतं. माझ्याकडे एकदा असंच झालं, कंपनीकडून आठ दिवस कोणी काही बोललं नाही, मग लेटरहेडवर मोठं इंग्रजी पत्र आलं. मी तो माल अजून ठेवत नाही.

गोदातीर

नगरीभाऊ, तुमच्या या दोन परिच्छेदांनी आमच्या घरातला अर्धा वाद मिटला. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कालच चारही दुकानदारांना स्वतः फोन केले. तिघं ‘बरं’ म्हणाले. चौथे म्हणाले, त्या मुलाने येऊन भेटावं, मग बघू.

स्वप्नील_डी

मला वाटतं सगळ्यात आधी कंपनीच्या फेसबुक पेजचा पासवर्ड बदला आणि कॉमेंट बंद करा. आमच्या दुकानाचं पेज एका पोराने केलं होतं, तो नोकरी सोडून गेला आणि पेजही त्याच्याबरोबर गेलं.

चाकणवाला

स्वप्नील, इथे प्रश्न कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या खात्यांचा आहे. पण पेजचं तुमचं म्हणणं लक्षात ठेवण्यासारखं आहे, पेजचा ताबा मालकांपैकी किमान दोघांकडे असावा. कॉमेंट मात्र बंद करू नका. चिडलेल्या माणसाला लिहायला जागा उरली नाही तर तो गूगलवर एक तारा देऊन जातो, आणि तो आपल्याला पुसता येत नाही.

गोदातीर

सगळ्यांचं वाचून दुसरा मसुदा केलाय. कार्यालयीन भाषा टाळली आहे, कारण हा पॅकिंगच्या ताईंना मोठ्याने वाचून दाखवायचाय. दोन कामगार हिंदी बोलणारे आहेत, त्यांच्यासाठी हिंदीतही करेन.

> १. तुमची मतं तुमची आहेत. स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या नावाने ती मांडायला कंपनीची हरकत नाही.
>
> २. जिथे स्वतःची मतं मांडता तिथे कंपनीचं नाव, लोगो, टी-शर्ट, गाडी किंवा कारखान्याचा फोटो नको. कंपनीच्या नंबरवर आणि दुकानदारांच्या ग्रुपवर फक्त कामाचं.
>
> ३. कोणत्याही जाती-धर्माचा, भाषेचा, बाईमाणसाचा अपमान करणारं किंवा धमकी देणारं काही टाकलं आणि ते कंपनीशी जोडलं गेलं, तर कंपनी चौकशी करेल. दुसऱ्याचं पुढे पाठवलं असलं तरीही.
>
> ४. मसाल्याचं प्रमाण, दुकानदारांचे दर, उधारी आणि फोन नंबर बाहेर जाऊ नयेत.
>
> ५. पगार, सुरक्षितता, त्रास याबद्दल तक्रार करणं, संघटनेत बोलणं, मतदान, पक्षाचं सदस्यत्व यांना हे नियम लागू नाहीत.
>
> ६. कंपनी पासवर्ड मागणार नाही, खासगी खाती तपासणार नाही.
>
> ७. हे नियम मालक आणि त्यांच्या घरच्यांनाही लागू आहेत.

सातवा नियम माझा. बाबा स्वतः रोज सकाळी एका पक्षाची दोन-तीन पोस्टर्स स्टेटसला ठेवतात, आणि त्यांचा नंबर तर प्रत्येक गोणीवर छापलेला आहे. घरात त्यावरून बरंच झालं.

प्राजक्ता_म

सातवा नियम आवडला. तो नसता तर बाकीचे सहा कोणी मनावर घेतले नसते.

चाकणवाला

मसुदा चांगला झालाय. दोन जागी हात फिरवतो.

दुसऱ्या नियमात आपल्याच मालाची भलामणही धरा. सेल्समन स्वतःच्या खात्यावर ‘हे लोणचं जगात भारी’ लिहितो, तेव्हा तो कंपनीचा माणूस आहे हे तिथे लिहिलेलं असावं, जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही नोकरीचं नातं उघड करायला सांगितलंय. आणि ‘आपल्या हळदीने शुगर उतरते’, ‘त्या अमक्या कंपनीच्या तिखटात रंग असतो’ हे कधीच नको. पहिलं अन्नसुरक्षेच्या नियमांत अडकतं, दुसऱ्यावर ती कंपनी नोटीस पाठवते. तुमच्या धंद्यात जातीपातीच्या पोस्टपेक्षा हे जास्त वेळा घडेल असा माझा अंदाज आहे, कारण माणूस ते कंपनीच्या प्रेमापोटी करतो.

तिसऱ्यात ‘चौकशी’ म्हणजे काय ते लिहा. आमच्याकडे आम्ही असं करतो: स्क्रीनशॉट, तारीख, वेळ आणि तो कोणी आणून दिला याची नोंद. त्याच दिवशी माणसाशी दोघांनी मिळून बोलायचं, पोस्ट काढायची विनंती करायची आणि खरंच त्यानेच टाकली का हे विचारायचं. बनावट स्क्रीनशॉट करणं आता कोणालाही जमतं आणि बाजारात वैर असतंच. मग लेखी विचारणा, उत्तराला निदान दोन-तीन दिवस. त्यानंतर लेखी निर्णय, कारणासकट. पहिल्यांदा समज, पुन्हा झालं तर लेखी ताकीद, त्यापुढे मोठी शिक्षा. उघड धमकी किंवा हिंसेची चिथावणी असेल तरच मधल्या पायऱ्या गाळायचा अधिकार ठेवा. माफीचा व्हिडिओ करायला लावू नका. तो व्हिडिओ कायम फिरत राहतो आणि त्यात तुमचं नाव असतं.

बाहेर सांगायचं ते दोन ओळींत: ‘हे कंपनीचं मत नाही. आम्ही दखल घेतली आहे.’ कर्मचाऱ्याचं नाव, त्याला काय शिक्षा केली, काही नाही. केरळमध्ये एप्रिल २०१८ मध्ये एका खासगी बँकेच्या कर्मचाऱ्याने जम्मूतल्या कठुआत अत्याचार करून मारल्या गेलेल्या मुलीबद्दल फेसबुकवर भयंकर लिहिलं. लोकांनी त्याच्या प्रोफाइलवरून बँक शोधली आणि बँकेच्या पेजवर, अॅपवर एकेक तारा द्यायला सुरुवात केली. त्याला आधीच कामाच्या कारणावरून काढलंय, असं बँकेने जाहीर केलं. इतकी मोठी बँक ते सोसू शकते. तुमच्याकडे चार फोन आले तेव्हाच तुमची झोप उडाली. म्हणून प्रोफाइलवरचं नाव आधी हलवा, बाकी नंतर.

तुमच्या सेल्समनला हे नियम मागच्या तारखेने लावता येणार नाहीत. धोरण नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे, लेखी ताकिदीपुढे जाऊ नका.

विनायक_कुलाबा

दुकानदारांच्या ग्रुपवर दुसऱ्याच कोणी असं टाकलं तर अॅडमिन म्हणून ताईंवर येतं का? मला वाटतं अॅडमिनला धरतात.

चाकणवाला

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा सामायिक हेतू दिसावा लागतो. पण तो गुन्ह्याचा प्रश्न. दुकानदारांच्या मनातली जबाबदारी वेगळी. ताईंनी मेसेज लगेच डिलीट करावा, अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. दर आणि सुट्टीपुरता ग्रुप असेल तर फक्त अॅडमिन लिहू शकेल अशी सेटिंगही ठेवता येते.

नगरी_किराणा

तशी सेटिंग केली तर आम्ही तक्रार कुठे टाकायची? फुटलेल्या बरणीचा फोटो मी ग्रुपवरच टाकतो, त्याशिवाय कोणी हलत नाही.

गोदातीर

नगरीभाऊ, ग्रुप उघडाच ठेवतेय. काल सेल्समनशी आम्ही दोघांनी बोललो. स्टेटस त्यानेच ठेवलं होतं. तो म्हणाला की गावाकडच्या ग्रुपवर आलं, वाचलंही नीट नाही. मी त्याला पूर्ण वाचायला लावलं. बराच वेळ गप्प होता. लेखी उत्तर सोमवारपर्यंत देणार आहे. चौथ्या दुकानदारांना भेटायला तो स्वतःहून तयार झाला, आम्ही सांगितलं नव्हतं. सिमचे अर्जही दिले आहेत.

दोन गोष्टी अडल्या आहेत. बाबा सातवा नियम मान्य करतात, पण गोणीवरचा नंबर बदलायला तयार नाहीत. म्हणतात, वीस वर्षांचा नंबर आहे. मग त्या नंबरचं स्टेटस बंद ठेवायचं की वेगळा नंबर त्यांच्या पक्षासाठी घ्यायचा, यावर गाडी थांबली आहे.

दुसरं, पॅकिंगच्या सुपरवायझर ताई त्यांच्या वॉर्डात नगरसेवकपदाला उभं राहायचं म्हणतायत. प्रचाराच्या पत्रकावर ‘अमुक मसालेमध्ये सुपरवायझर’ असं लिहायचंय, कारण वॉर्डात त्यांची ओळखच ती आहे. दुसऱ्या नियमाने ते अडतं. अडवावं असं मला मनापासून वाटत नाही.

प्राजक्ता_म

अजिबात अडवू नका. ती तिची स्वतःची ओळख आहे, कष्टाने मिळवलेली. ‘येथे नोकरी करते’ ही माहिती आहे, लोगो आणि कारखान्याचा फोटो ही जाहिरात. एवढा फरक नियमात लिहिता येईल.

चाकणवाला

मला तितकं सोपं वाटत नाही. त्यांनी लिहिलं की समोरचा उमेदवार म्हणेल, कंपनी यांच्या पाठीशी आहे. आणि बाबांचा पक्ष तोच असेल तर तसं वाटणारच. पक्ष कोणता आहे दोघांचा?

गोदातीर

वेगवेगळा आहे.